शिवकन्याची फाईल

शिवकन्याबद्दल कोणी विचारलं तर मी पहिलं हेच सांगतो की मी तिच्यावर जळत होतो. थोडाथोडका न्हाई, चांगला जळत होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हंजे पुढं मी साळसूदपणाचा आव आणतोय असं कोणाला वाटायला नको.

आमची कंपनी बियाण्याची. जालन्याला हेड ऑफिस, आणि जिल्हाभर चौदा डेपो. दर डेपोत एक छोटा सर्व्हर. पावत्या त्याच्यावरच निघायच्या, साठा त्याच्यावरच दिसायचा, आणि वजनकाटाही त्यालाच जोडलेला. शेतकऱ्यानं पोतं काट्यावर ठेवलं की आकडा आपोआप पावतीवर यायचा. हातानं वजन लिहायचं न्हाई, हा आमच्या मालकांचा, काकासाहेबांचा, पक्का नियम होता.

ती चौदाही मशिनं मी बसवलेली. एकट्यानं, हातानं, एकेक कमांड टाईप करून. परतूरचं असो का भोकरदनचं, बॅग उचलायची, एसटी धरायची, दिवसभर डेपोत बसायचं. माझी बोटं कीबोर्डवर न बघता चालायची आणि डेपोतली माणसं मागं उभी राहून बघायची. मशीन चालू झालं की डेपोवाला त्याच्यापुढं नारळ फोडायचा आणि एक वाटी माझ्या हातात द्यायचा. ती वाटी घरी आली की द्वारकाबाई, म्हंजे आमच्या मंडळी, चटणी करायच्या आणि आज कुठलं गाव म्हणून विचारायच्या. खोटं कशाला बोलू, त्या चटणीची चव मला आवडायची.

मंग दोन हजार चौदाच्या दिवाळीनंतर शिवकन्या आली.

ती परतूरची. जन्म एक्याऐंशीचा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. औरंगाबादला शिकली, नंतर पुण्यात एका कंपनीत दहा वर्षं सर्व्हर सांभाळले. आईला, तुळजाबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला तशी नोकरी सोडून परतूरला आली. रोज सकाळी रेल्वेनं जालना, संध्याकाळी परत. डब्यात भाकरी, ठेचा. बोलणं कमी. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा माझ्या टेबलापुढची खुर्ची रिकामी होती, त्याच्यावर मी माझी बॅग ठेवली. बस म्हणालो न्हाई. ती कपाटाजवळचं स्टूल ओढून बसली.

दुसऱ्या आठवड्यात तिनं मला विचारलं, "भाऊ, मशीन बसवताना काय काय करता, ते कुठं लिहिलंय का?" मी कपाळावर बोट ठेवून दाखवलं. इथं लिहिलंय म्हणालो. ती हसली, पण मला ते हसणं झोंबलं.

नंतर कळालं की ती अन्सिबल नावाचा एक प्रोग्राम वापरून राह्यली. काय भानगड आहे ते मी चोरून वाचून काढलं. एक साधी लिहिलेली फाईल असते, तिला प्लेबुक म्हणतात. तिच्यात हे कर, ते कर असं नसतं. मशीन कसं असायला पाहिजे ते असतं. हा प्रोग्राम असावा, हे खातं असावं, ही सेवा चालू असावी. दुसऱ्या एका फाईलीत मशिनांची यादी. आपण जालन्यातनं ती फाईल चालवायची, ती दर मशीनमध्ये शिरते, बघते, जे बराबर आहे त्याला हात लावत न्हाई, जे न्हाई तेवढंच करते. शेवटी हिशेब सांगते, की इतकं ठीक होतं, इतकं बदललं, इतकं फसलं. पुन्हा चालवली तर बदल शून्य. एका मशीनवर चालते तशीच पन्नासांवर चालते, आणि तिला चहा लागत न्हाई.

पहिल्यांदा चालवली तेव्हा ती फसली, काकासाहेबांसमोर. ओळ आत सरकवायला शिवकन्यानं स्पेसच्या जागी एके ठिकाणी टॅब दाबला होता, आणि त्या फाईलीला टॅब बिलकुल चालत न्हाई. दोन मिनिटांचं काम होतं, तिनं केलंही. पण त्या दोन मिनिटांत मला जो आनंद झाला तो मी घरी जाऊन द्वारकाबाईंना रंगवून सांगितला. त्या म्हणाल्या, "तुम्ही कधीच चुकला न्हाई का?" मी जेवणावरनं उठलो.

खरा घाव बसला तो फाल्गुनात. शिवकन्यानं चौदाही मशिनांवर फाईल नुसती तपासणीसाठी चालवली. तशी सोय असते, काही न बदलता काय काय बदलावं लागेल तेवढं दाखवते. पडद्यावर पिवळ्या ओळींची रांग लागली. एका डेपोचं घड्याळ चुकीच्या टाइमझोनमध्ये, दोन ठिकाणी फायरवॉल बंद, आणि परतूरला रोजचा बॅकअप कधी लागलाच नव्हता. दीड वर्ष न्हाई. मी ते मशीन बसवलं त्या दिवशी डेपोवाल्याकडं पाहुणे आल्ते, जेवणाच्या गडबडीत ती एक ओळ टाईप करायची राहून गेली असणार. चौदा मशिनं आणि चौदाही वेगळी. मी तर सगळ्यांना सांगत फिरत होतो की सगळी एकसारखी आहेत.

शिवकन्या काकासाहेबांना एवढंच म्हणाली की हातानं केलं की असं होतंच, कोणाचंही होतं. माझी बाजूच घेतली तिनं. पण मला वाटलं, ही सगळ्यांदेखत माझ्यावर दया दाखवून राह्यली. त्या दिवशी तिच्या डब्याकडं, तिच्या स्टुलाकडं, तिच्या त्या शांतपणाकडं बघून माझा नुसता जळफळाट झाला. जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच बाहेर जाऊन उभा राह्यलो.

मे महिन्यात तीन नवे डेपो निघणार होते. कांद्याचं बी निघायचा हंगाम, माल घ्यायला जागा कमी पडत होती. काकासाहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं की हे तीन डेपो कसे उभे राहतात ते बघून सगळ्या डेपोंच्या मशिनांचा कारभार दोघांपैकी एकाकडं देणार. दुसऱ्यानं त्याच्या हाताखाली काम करायचं. बारा वर्षं मी त्या कंपनीत घासली होती. ही कालची पोरगी माझ्या डोक्यावर बसणार, हे मला सहन होईना.

शिवकन्यानं तीनही मशिनं ऑफिसातच टेबलावर मांडली, नुसती सिस्टीम टाकली, यादीत तीन नावं वाढवली आणि फाईल चालवली. मी माझं जुनं बिल तपासायचं सोंग करून बघत होतो. पाऊण तासात तीनही तयार. मला तेवढ्याला तीन दिवस लागले असते, एसटीचा प्रवास धरून पाच.

पण एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती, आणि मला होती. वजनकाट्याची तार मशीनला लावली तरी पावतीचा प्रोग्राम काट्याचा आकडा वाचू शकत न्हाई. आमची मशिनं लिनक्स सिस्टीमवर चालतात, तिच्यात काट्याची तार लागते तो पोर्ट खात्यांच्या एका ठराविक गटालाच उघडा असतो. डायलआउट त्या गटाचं नाव. पावतीचा प्रोग्राम 'डेपो' नावाच्या खात्यानं चालतो, त्या खात्याला त्या गटात टाकलं की काटा बोलायला लागतो. एका ओळीचं काम. पुण्यात तिनं वेबसाइटींचे सर्व्हर सांभाळलेले, तिथं कुठला आलाय वजनकाटा. जुन्या चौदा ठिकाणी ते मीच केलेलं, आणि तिची फाईल त्याला हात लावत नसल्यानं तिच्या ध्यानात आलेलं न्हाई.

मी सांगितलं न्हाई. तोंड शिवून बसलो.

सोमवारी पहिला डेपो उघडला आणि काटा मुका. डेपोवाल्याचा फोन आला तसा मी बॅग उचलली. गेलो, ओळ टाईप केली, काटा बोलला, नारळ फुटला. निघताना मशीनमधली मी टाईप केलेल्या ओळींची यादी पुसून टाकली, तिला कळू नये म्हणून. संध्याकाळी शिवकन्यानं विचारलं काय होतं. केबलचं होतं म्हणालो, दर काट्याची केबल वेगळी, तिथं जाऊनच बघावं लागतं. तिनं वहीत लिहून घेतलं आणि बिचारीनं तीन कंपन्यांच्या केबली मागवल्या. मंगळवारी दुसरा डेपो, तीच गोष्ट. काकासाहेब मला म्हणाले, वसंता, हाताला पर्याय न्हाई. मला बाकी काही नको होतं. दोन दिवसांत दोन वाट्या घरी आल्या. द्वारकाबाईंनी चटणी केली पण या वेळी गावाचं नाव विचारलं न्हाई. बायको माणसाचं तोंड बघून ओळखते.

तिसरा डेपो केदारखेड्याचा. माझं गाव.

गुरुवारी फोनची वाटच न बघता मी सकाळीच जाऊन बसलो. डेपोवाला रामकिसन माझ्या शाळेतला. दारात ट्रॅक्टर, बैलगाड्या, पोत्यांची रांग, सगळी ओळखीची माणसं. आणि आभाळ भरून आल्तं. वळवाचं काही सांगता येत न्हाई, आणि कांद्याचं बी भिजलं की गेलं, वर्षाची मेहनत मातीत. आकडा आल्याशिवाय पोतं आत घेता येत नव्हतं. रामकिसननं सगळ्यांना सांगून ठेवलेलं की आपला वसंता आलाय, आता काय काळजी न्हाई.

मी खुर्चीत बसलो. मागं पंचवीस-तीस डोकी. माझी पद्धत अशी की आधी स्वतःच्या खात्यानं काटा वाचून बघायचा, मंग डेपोच्या खात्याचं करायचं. म्हणून पहिलं माझंच खातं त्या गटात टाकायला निघालो. कीबोर्डकडं न बघता, बाहेरच्या कोणाशी तरी बोलत बोलत ओळ मारली. त्या ओळीत एक छोटा 'ए' लागतो. तो म्हणतो, जुने गट राहू दे, हा नवा जोड. तो न्हाई लावला तर मशीन समजतं, जुने सगळे गट उडव आणि एवढा एकच ठेव.

तो 'ए' माझ्या बोटांतनं निसटला.

मशीनमधल्या माझ्या खात्यातनं बाहेर पडून पुन्हा आत शिरलो, काटा वाचला, पडद्यावर आकडे नाचायला लागले. लोक खूश. मंग डेपोच्या खात्याची ओळ मारली आणि मशीन म्हणालं की वसंता या नावाला ते अधिकार न्हाईत. ज्या गटामुळं मला मशीनवर हुकूम चालवता येत होता, त्या गटातनं मीच मला काढून टाकलं होतं. दुसऱ्या कुठल्या दारानं आत जायची सोय नव्हती, ज्याला सगळे हुकूम चालतात ते मशीनचं मूळ खातं आम्ही बंदच ठेवत होतो. तीन वेळा पुन्हा टाईप केलं. तीन वेळा तेच उत्तर.

रामकिसन म्हणाला, "व्हय, काटा बोलला ना? घेऊ का पोती आत?" मी थांब म्हणालो. दक्षिणेकडं गडगडलं. कोणीतरी ताडपत्री आणायला पळालं.

फोन लावायची एकच जागा होती. मी भिंतीकडं तोंड करून शिवकन्याला फोन लावला आणि सांगितलं की केदारखेड्याला मला अधिकार न्हाईत असं येऊन राह्यलं. ती बघते म्हणाली. तिच्या बोटांचा आवाज येत होता. तिची फाईल वेगळ्या खात्यानं, वेगळ्या किल्लीनं मशीनमध्ये शिरते, म्हणून तिला दार उघडं होतं.

मंग ती म्हणाली, "भाऊ, तुमचं नाव सगळ्या गटांतनं उडालंय. फक्त डायलआउट राह्यलंय."

आणि तिच्या बोटांचा आवाज थांबला. ती त्या गटाचं नाव डोळ्यांनी बघत होती, आणि मला ऐकू येत होतं की तिला कळालंय. केबली, पुसलेल्या ओळी, दोन दिवसांचं माझं मिरवणं, सगळं एका शब्दात तिच्यापुढं आलं होतं. जमीन फाटली असती तर मी त्या दिवशी खुशाल आत गेलो असतो.

"केबल नव्हती तर," ती म्हणाली. रागानं न्हाई. मला राग चालला असता.

तिनं केदारखेड्यापुरतीच फाईल चालवली. अर्ध्या मिनिटात म्हणाली, आता बाहेर पडून परत आत या. आलो, तर अधिकार परत आल्ते. मंग तिनं विचारलं की डेपोच्या खात्यालाही हाच गट लागतो ना, आणि मी हो म्हणालो. पुढं ती जे बोलली ते मी विसरणार न्हाई. म्हणाली, "तुम्ही तिथं आहात, माणसं बघून राह्यलीत. तुम्ही हातानं करा, की मी फाईलीत लिहू?"

म्हंजे तिनं मला वाट काढून दिली होती. एक ओळ मारायची, काटा चालू करायचा, नारळ घ्यायचा, आणि गावात कोणाला काही कळणार न्हाई. ऑफिसातही तिनं तोंड उघडलं नसतं, एवढं मी तिला ओळखून होतो. माझी बोटं कीबोर्डवरच होती. पाठीमागं माझं अख्खं गाव.

मी म्हणालो, "फाईलीत लिहा. आणि 'जोड' म्हणून लिहायचं विसरू नका." ती म्हणाली, ते लिहिलेलंच असतं.

तिनं लिहिलं, चालवलं, पावतीचा प्रोग्राम तिकडूनच पुन्हा सुरू केला, आणि मी हात मांडीवर ठेवून बसलेलो असताना काट्याचा आकडा पावतीवर उमटला. पोती आत जायला लागली. शेवटची चार राहिली तेव्हा टपोरे थेंब सुरू झाले, तीही ओढली. रामकिसननं नारळ फोडला आणि वाटी माझ्या हातात दिली. मी त्याला सांगितलं की मशीन मी न्हाई चालू केलं, परतूरच्या शिवकन्याबाईंनी केलं जालन्यात बसून. त्याला वाटलं मी मोठेपणा करतोय. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मला रडू यायचं तेवढं बाकी राह्यलं.

शुक्रवारी ती वाटी मी शिवकन्याच्या टेबलावर ठेवली. खुर्चीवरची बॅग काढून तिला बस म्हणालो. सात महिन्यांनी. काकासाहेबांना जाऊन सगळं सांगितलं, केबलीचं खोटंसुद्धा. कारभार शिवकन्याकडं गेला. जायलाच पाहिजे होता, पण ते ऐकताना मला तोंडात मारल्यासारखं झालं, हेही खरं.

त्या दिवशी दुपारी मी तिला विचारलं की तुला ही फाईलींची सवय कुठं लागली. ती नारळाचा तुकडा चावत सांगायला लागली. तुळजाबाई परतूरला शाळेच्या मुलींचे गणवेश शिवायच्या. दर मापाचा एक कागद कापून ठेवलेला, तो कापडावर ठेवायचा आणि कापायचं, मंग शंभर झगे एकसारखे. झटक्यात त्यांचा उजवा हात गेला. पुढच्या जूनला शेजारच्या दोघीजणींनी तेच कागद ठेवून सगळे गणवेश शिवले, आणि तुळजाबाई खाटेवरनं बघत होत्या. "कागद नसते तर आईबरोबर तिचं शिवणही खाटेवर पडलं असतं," ती म्हणाली. एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली.

मी म्हणालो, दाखव तुझी फाईल. इतके दिवस चोरून इंटरनेटवर वाचत होतो, पण तिची फाईल उघडून बघायची म्हंजे कमीपणा वाटायचा. तिनं दाखवली. वरतीच एक यादी होती, मशिनांवर ज्यांचा अधिकार कायम राह्यला पाहिजे अशा माणसांची. पहिलं नाव वसंता. दुसरं शिवकन्या.

माझ्या मनात लगेच पाप आलं. म्हणलं, फाल्गुनातल्या त्या तपासणीनंतर घातलं असणार, दया म्हणून. त्या फाईलीत कुठली ओळ कधी लिहिली त्याची नोंद राहते. मी ती नोंद काढून बघितली. माझ्या नावाची ओळ तिच्या कामाच्या पहिल्या दिवसाची होती. मी खुर्चीवर बॅग ठेवली त्याच दिवशी, त्या स्टुलावर बसून, तिनं सगळ्यात आधी माझं नाव लिहिलेलं. केदारखेड्याला त्याच ओळीनं मला परत आत घेतलं होतं.

आता सतरा डेपो आहेत. रोज सकाळी फाईल चालते आणि माझ्या नावापुढं सतरा वेळा 'ठीक' येतं. मी चहा घेऊन ते बघत बसतो. नारळ आता कोणी पाठवत न्हाई, आणि शिवकन्यावर मी अजूनही जळतो. ती ओळ आधी तिला सुचली, मला न्हाई. तिच्या जागी मी असतो तर तिचं नाव लिहिलं नसतं.